देव, मरण आणि गोठलेलं तळं : विचारात पाडणारे सिनेमे पाहायला कुठून सुरुवात करावी

आमच्या अमळनेरला तत्त्वज्ञान नवं नाही. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, साने गुरुजीही काही काळ तिथे अभ्यासाला होते. एवढा वारसा असलेल्या गावात श्रद्धा, संशय, मरण असल्या विषयांवरचे सिनेमे दाखवायला काय अडचण येणार, असं मला वाटलं होतं. मी शाळेत गणित शिकवते. पहिल्या शनिवारी घरी आठ माणसं बोलावली आणि लावला तारकोव्हस्कीचा 'आंद्रेई रुब्लेव्ह'. तीन तासांचा, कृष्णधवल, रशियन, खाली इंग्रजी अक्षरं, आणि महिना मे. त्या सिनेमाच्या अगदी शेवटी पडदा रंगीत होतो आणि रुब्लेव्हची चित्रं दिसतात. रंग आले तेव्हा जागे दोघेच होते, त्यातली एक मी.

सिनेमा थोर आहे, चूक माझी होती. त्यानंतरची दोन वर्षं अशाच चुका करत गेली. तुम्हाला घरी चार माणसांत, किंवा एकट्यानेही, असे सिनेमे पाहायला सुरुवात करायची असेल तर त्या टाळता याव्यात म्हणून हे लिहिते आहे. यादी मुद्दाम तीनच सिनेमांची ठेवली आहे.

१. आधी सामान जमवा

फार काही लागत नाही:

- एक लॅपटॉप आणि त्यात व्हीएलसी प्लेअर
- लॅपटॉप टीव्हीला जोडायची एचडीएमआय वायर (तीन मीटरची घ्या, दीड मीटरची नेहमी अपुरी पडते)
- वेगळा स्पीकर, कारण टीव्हीच्या आवाजात जुन्या सिनेमातली कुजबुज ऐकू येत नाही
- इन्व्हर्टर, किंवा वीज गेली तर सिनेमा कुठल्या मिनिटाला थांबला ते लिहून ठेवायला वही
- प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल

प्रोजेक्टर आणायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीत प्रोजेक्टर आणि आठ माणसं एकत्र नांदत नाहीत. खिडकी उघडली की उजेड, बंद केली की भट्टी. गच्चीवर लावायचं म्हटलं तर मे महिन्यात नीट अंधार पडायला पावणेआठ होतात आणि नऊला पाठीमागच्या घरातलं लग्न सुरू होतं. बत्तीस इंची टीव्हीभोवती सतरंजी टाकून बसलेलं बरं.

सिनेमा कुठे मिळेल याचं कायमचं उत्तर देता येत नाही, कारण कंपन्यांचे हक्क सारखे बदलत असतात. मूळ नाव इंग्रजी अक्षरांत टाकून शोधा. मात्र कुठूनही उतरवून घेतलेली फाईल वापरू नका. कायद्याचं सोडा, तिच्यात सबटायटल भलत्याच प्रतीची असतात आणि दहाव्या मिनिटापासून माणूस बोलून झाल्यावर वाक्य येतं. चांगल्या डीव्हीडीवरही कधी थोडं मागेपुढे होतं. तेव्हा व्हीएलसीमध्ये `G` आणि `H` ही बटणं दाबून सबटायटल थोडी अलीकडे-पलीकडे सरकवता येतात. एवढी एक युक्ती ठाऊक असली तरी अर्ध्या संध्याकाळी वाचतात.

२. पहिला सिनेमा : ज्याचा देव ओळखीचा आहे असा

सुरुवात 'संत तुकाराम'ने करा. प्रभातचा, १९३६चा, दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला. पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, हे सगळ्यांना सांगून होतं, पण पाहिलेला असतो तुकड्या-तुकड्यांत. बहुतेकांना आठवतात ते इंद्रायणीतून वर आलेले अभंग आणि शेवटचं वैकुंठगमन. म्हणजे चमत्कार.

इथे पहिला सापळा आहे. चमत्कार खरे की खोटे, यावर बैठक सुरू झाली की संपली म्हणून समजा. आमच्याकडे हरिपाठाला जाणारे एक बुवा आहेत आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा भाचा आहे. दोघांची चकमक पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि उरलेला सिनेमा दोघांनी एकमेकांकडे पाठ करून पाहिला.

दुसऱ्या वेळी मी बसण्याआधी एकच काम दिलं: तुकोबांकडे नाही, जिजाईकडे पाहा. ती काय करत असते, तिच्या हातात काय असतं, ती देवाशी कशी बोलते. मग सिनेमा वेगळाच दिसायला लागतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आतल्या आत रमलेला आहे, डोळे अर्धवट मिटलेले. घर चालतं ते जिजाईच्या अंगावर. पोर आजारी पडतं तेव्हा ती पायातली वहाण हातात घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जाते. या बाईचा देवावर विश्वास आहे की नाही? बुवा म्हणाले, नाही. आमच्या शेजारच्या आक्का, वय बहात्तर, म्हणाल्या, असल्याशिवाय कोणी वहाण उगारतं का? नसलेल्याला कोण मारायला जातं! माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य हेच होतं, आणि ते चमत्कारांवरच्या वादातून कधीच निघालं नसतं.

अजून एक गंमत सांगते. 'आधी बीज एकले' हे गाणं लागलं की बुवा हात जोडून म्हणतात, तुकोबांचा अभंग. तो गाथेत शोधून दाखवा, असं मी म्हटलं. ते आठवडाभर गाथा चाळत होते. सापडणार कसा? तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिला आहे. बुवा थोडे खट्टू झाले, मग म्हणाले, इतकं जमून आलं असेल तर तुकोबांची हरकत नसावी.

३. दुसरा सिनेमा : जिथे तीच श्रद्धा घरावर उलटते

पुढचा सत्यजित राय यांचा 'देवी', १९६०चा, बंगाली, जेमतेम दीड तासाचा. गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या जमीनदाराच्या घरातली. म्हातारा सासरा कालीचा भक्त. त्याला स्वप्न पडतं की आपली सतरा वर्षांची धाकटी सून दयामयी हीच देवी आहे. सकाळी तो तिच्या पायांवर डोकं ठेवतो. नवरा कलकत्त्याला शिकायला गेलेला. मग आरती, चरणामृत, नवसाची रांग, आणि एका मरणाच्या दारातल्या पोराला बरं वाटतं. तिथून पुढे कोणाला काही थांबवता येत नाही.

हा सिनेमा खान्देशात दाखवताना तुम्हाला समजावून काही सांगावं लागत नाही. कानबाईच्या रात्री अंगात आलेली बाई आपण पाहिलेली असते. चैत्रात पायी वणीला जाणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. अडचण उलटी येते: जो तो सिनेमातल्या घराऐवजी आपल्या घरातल्या कोणावर तरी बोलायला लागतो. आमच्याकडे एका वहिनींना वाटलं की हा सिनेमा त्यांच्या सासूबाईंच्या अंगात येण्यावर टोमणा म्हणून निवडलाय. म्हणून आधीच सांगून टाका, आज घरातलं कोणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त पडद्यावरच्या माणसांबद्दल बोलायचं.

पाहायचं काय? दोन जागा. पहिली, सासरा पायावर डोकं ठेवतो तेव्हा दयामयी काय करते. ती बोलत नाही. तोंड भिंतीकडे वळवते. शंका, भीती, लाज, सगळं त्या वळण्यात आहे, आणि घरातल्या एकालाही ते दिसत नाही कारण सगळे देवीकडे पाहत असतात. दुसरी जागा नदीकाठची. नवरा तिला रातोरात पळवून न्यायला निघतो. नदीकाठी विसर्जनानंतर उरलेला मूर्तीचा सांगाडा पडलेला असतो. तिथे ती थांबते आणि म्हणते, मी खरंच देवी असले तर? सासऱ्याचं स्वप्न आता तिच्यात शिरलेलं आहे. नवऱ्याकडे शिक्षण आहे, इंग्रजी आहे, प्रेम आहे, आणि या प्रश्नाला उत्तर नाही.

इथे भाच्यासारखी मंडळी लगेच निकाल देतात: अंधश्रद्धेविरुद्धचा सिनेमा, संपलं. त्यांना एवढंच विचारा की मग ते पहिलं पोर बरं कसं झालं? राय यांनी ते दाखवलं आहे आणि खुलासा दिलेला नाही. तो योगायोग असेल. पण तुम्ही त्या पोराचे आजोबा असता तर योगायोग म्हणाला असता का?

४. तिसरा सिनेमा लावण्याआधी : मराठी सबटायटल

तिसरा आहे क्रिस्तोफ किस्लोव्हस्कीचा 'डेकालॉग', पोलिश टीव्हीसाठी केलेली दहा भागांची मालिका, १९८०च्या दशकाच्या अखेरीची. बायबलातल्या दहा आज्ञा, दहा गोष्टी, आणि सगळ्या वॉर्साच्या एकाच इमारतींच्या वसाहतीत घडणाऱ्या. प्रत्येक भाग तासाभराच्या आतला. नवख्या माणसासाठी एवढं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. एक बैठक, एक भाग, नऊला घरी.

पण भाषा पोलिश आणि खाली इंग्रजी. आक्का मराठी सावकाश वाचतात, इंग्रजी नाही. पहिल्यांदा मी शेजारी बसून कानात सांगत गेले. तसं अजिबात करू नका. सांगणारा नेहमी एक वाक्य मागे असतो, ऐकणाऱ्याचं पडद्यावरून लक्ष उडतं, बाकीचे वैतागतात. पंधराव्या मिनिटाला आक्का म्हणाल्या, "राहू दे माय, माले समजत नही," आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मग मी पहिल्या भागाची सबटायटल मराठीत लिहिली. तीन शनिवार-रविवार गेले, पण काम अवघड नाही. सबटायटलची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडते आणि अशी दिसते (वेळा नमुन्यासाठी आहेत):

```
41
00:06:10,200 --> 00:06:13,000
बाबा, मरण म्हणजे काय?

42
00:06:14,500 --> 00:06:17,800
हृदय रक्त ढकलायचं थांबतं.
```

वेळेच्या ओळींना हात लावायचा नाही, फक्त खालचं वाक्य बदलायचं. जतन करताना एन्कोडिंग `UTF-8` निवडा, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतात. फाईलचं नाव सिनेमाच्या फाईलचंच ठेवा, शेवटी `.srt`, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये. ती पेन ड्राइव्हने थेट टीव्हीला लावलीत तर कदाचित चौकोन दिसतील, कारण कित्येक टीव्हींना देवनागरी नीट येत नाही. म्हणून तर लॅपटॉप आणि वायर.

भाषांतर करताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जागेने. एका वेळी दोनच ओळी मावतात, आणि सावकाश वाचणाऱ्याला लहान वाक्यालाही तीन सेकंद लागतात. 'हृदय रक्ताभिसरण करण्याचे कार्य थांबवते' असं मी आधी लिहिलं होतं. बाप आपल्या मुलाशी असं बोलत नाही, आणि आक्का ते वाचेपर्यंत बाप चहा ओतायला लागतो. ही फाईल घरापुरती ठेवा, इंटरनेटवर टाकू नका. मूळ संवाद दुसऱ्याचे आहेत.

५. काय आधी सांगायचं आणि काय नाही

पहिल्या भागात एक बाप आहे, विद्यापीठात शिकवणारा, आकडेमोडीवर विश्वास असलेला. घरी कॉम्प्युटर आहे. शाळकरी मुलगा पावेल हुशार, प्रश्न विचारणारा. आई दूर आहे. आत्या श्रद्धाळू. मुलाला गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करायचं आहे. बाप कॉम्प्युटरवर हिशेब करतो: इतके दिवस इतकं थंड होतं, म्हणजे बर्फ इतका जाड, तो मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलेल. रात्री स्वतः तळ्यावर चालून पाहतो. मग परवानगी देतो.

आता अडचण बघा. जळगाव-भुसावळकडे तळं गोठलेलं कोणी पाहिलंय? आपल्याला बर्फ ठाऊक तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आमच्यातल्या एका शेठजींना पहिल्यांदा पाहताना वाटलं की मुलं रस्त्यावर खेळताहेत आणि तळं कुठेतरी पलीकडे आहे. गोष्टीचा कणाच निसटला. म्हणून पाच वाक्यं आधी सांगायची: तिकडे हिवाळ्यात तळ्याचं वरचं पाणी गोठतं, खाली पाणीच असतं. लोक त्यावर चालतात, पोरं पायाला पात्यांचे बूट बांधून घसरतात. बर्फ पुरेसा जाड आहे का हा रोजचा, साधा प्रश्न असतो. काळ १९८८च्या आसपासचा, घरात कॉम्प्युटर असणं ही अपूर्वाई. आणि जे चर्च दिसतं ते बांधकाम चालू असलेलं आहे.

एवढंच. पहिली आज्ञा काय आहे ते मी आता आधी सांगत नाही. 'माझ्याखेरीज दुसरा देव मानू नकोस' हे वाक्य आधी कानावर पडलं की सगळे सिनेमाभर पुरावे गोळा करत बसतात: कॉम्प्युटर दिसला की, हा बघा दुसरा देव! मग मुलगा माणूस म्हणून दिसतच नाही. शेवटाबद्दलही गुपचूप राहायची गरज नाही, कारण दिग्दर्शकच ते आधी सांगतो. सुरुवातीला आत्या रस्त्यावरच्या दुकानातल्या टीव्हीवर पावेलला धावताना पाहते आणि रडते. म्हणजे मुलगा जाणार हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. तरी आपण तासभर मनात म्हणत राहतो, नको.

६. पाहताना कागदावर काय टिपायचं

मी प्रत्येकाला एकच सूचना देते: पाणी, बर्फ, शाई, दूध, मेण, जे काही पातळ किंवा गोठलेलं दिसेल ते लिहा. अर्थ लिहायचा नाही.

ही युक्ती कृत्रिम वाटेल, पण या सिनेमाला ती लागू पडते. सकाळी पावेलला रस्त्यात मेलेला कुत्रा दिसतो. घरी येऊन तो बापाला विचारतो, मरण म्हणजे काय. बाप खरं ते सांगतो, हृदय थांबतं, मेंदूला रक्त जात नाही, सगळं संपतं. मग मुलगा म्हणतो, निधनाच्या बातमीत आत्म्याच्या शांतीसाठी असं लिहिलं होतं, तू आत्म्याचं काही बोलला नाहीस. बाप म्हणतो, ती निरोपाची एक रीत आहे, आत्मा वगैरे नसतो. पुढे आत्याला तो देवाबद्दल विचारतो. ती त्याला मिठी मारते आणि विचारते, आता तुला काय वाटतं? तुझ्यावर माया वाटते. बघ, तिथेच तो आहे. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत, दोन्ही अपुरी आहेत, आणि मुलगा दोन्ही ऐकून घेतो. दिग्दर्शक कोणाच्याच बाजूने मान हलवत नाही.

मग ती शाई. बाप टेबलाशी काम करत असतो आणि दौत आपोआप फुटून कागदांवर डाग पसरत जातो. तो हात धुतो. बाहेर आगीच्या बंबाचा आवाज. यात ओरडणं नाही, संगीत चढत नाही. त्यानंतर बराच वेळ तो मुलाला शोधतो: शेजारी, जिना, लिफ्ट, मित्राची आई. तो धावत नाही, हे टिपलं आमच्या भाच्याने. धावलं तर मान्य केल्यासारखं होईल ना, असं तो म्हणाला. बावीस वर्षांच्या मुलाकडून मला हे अपेक्षित नव्हतं.

शेवटी बाप त्या अर्धवट चर्चमध्ये जातो आणि वेदीचं टेबल उलथवतो. मेणबत्तीचं मेण वरच्या मेरीमातेच्या चित्रावर पडतं, गालावर, अश्रूंसारखं. मग तो तिथल्या पवित्र पाण्याच्या भांड्यातलं गोठलेलं पाणी उचलून कपाळाला लावतो. तेही बर्फच. ज्यांनी कागदावर यादी केली होती त्यांनी त्या क्षणी पेन्सिल खाली ठेवलेली मी पाहिली.

तळ्याकाठी शेकोटीपाशी बसलेला एक अबोल माणूस आहे, त्याच्याकडेही लक्ष असू द्या. तो काही करत नाही, नुसता पाहतो. पुढच्या बहुतेक भागांतही तो कुठे ना कुठे येतो. कोण आहे ते सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही ठरवू नका.

७. नंतरचं बोलणं : पहिली पंधरा मिनिटं चहा

सिनेमा संपला की लगेच दिवा लावू नका. नावं संपू द्या. मग चहा, आणि चहा संपेपर्यंत सिनेमाबद्दल बोलायचं नाही. हा नियम आम्ही बऱ्याच भांडणांनंतर केला. गरम असताना जो पहिलं वाक्य बोलतो, सगळी बैठक त्याच्याच वाक्याभोवती फिरते, आणि पहिलं वाक्य बहुधा सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचं असतं.

चहानंतर प्रत्येकाने आधी दिसलेली एक गोष्ट सांगायची, वाटलेली नाही. 'मला ते प्रतीकात्मक वाटलं' हे चालत नाही. 'दूध नासलेलं होतं' हे चालतं. एक फेरी पूर्ण झाली की मग मतं.

'डेकालॉग'च्या पहिल्या भागानंतर बुवांचं मत तयार होतं: माणसाने यंत्राला देव मानलं, देवाने शिक्षा केली. हे वाचन तुम्हाला जवळपास प्रत्येक गटात ऐकू येईल, आणि पहिली आज्ञा डोक्यात असेल तर ते फार सोपं पडतं. भाचा चिडला. म्हणजे देवाने बापाला धडा शिकवायला पोराला मारलं का? बुवा गप्प झाले. आक्कांनी तोवर काही म्हटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "बापनं काय चुकनं?"

मी गणिताची शिक्षिका, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. आम्ही मागे जाऊन ती दहा मिनिटं पुन्हा लावली. बापाचा हिशेब निष्काळजी आहे का? नाही. तापमानाचे आकडे घेतले आहेत, भार मोजला आहे, सुरक्षिततेसाठी भरपूर फरक ठेवला आहे, आणि वर स्वतः जाऊन तळ्यावर उभा राहिला आहे. माझ्या वर्गातल्या मुलाने एवढं केलं तर मी पैकीच्या पैकी देईन. गणित चुकलेलं नाही. पण प्रत्येक हिशेबात एक न लिहिलेलं गृहीतक असतं: तळं सगळीकडे सारखंच गोठलंय. ते लिहिलेलं नसल्यामुळे तपासलं जात नाही. सिनेमा बर्फ का फुटला हे सांगत नाही, म्हणून मीही एवढ्यावरच थांबले.

शेठजी हळूच म्हणाले, आमच्याकडे गिरणेत पोरं बुडतात ती पोहता येणारीच. वाळू उपसलेला खड्डा वरून दिसत नाही, पाणी सगळीकडे गुडघाभरच वाटतं. खोलीत कोणी काही बोललं नाही. मग बुवांनी स्वतःच आपलं वाक्य मागे घेतलं असं नाही, पण म्हणाले, शिक्षा हा शब्द नको.

गट चालवणाऱ्याने एवढंच करायचं: कोणी सिनेमाचा संदेश काय असं विचारलं की तो प्रश्न परत पडद्याकडे वळवायचा. कुठल्या मिनिटाला तुम्हाला तसं वाटलं? ते मिनिट लावून बघू. दहापैकी सहा वेळा ते मिनिट तसं नसतंच.

८. तीन सापळे, थोडक्यात

दोन सिनेमे एका रात्री लावू नका. दुसऱ्याचं काही लक्षात राहत नाही आणि पहिल्याचंही जातं.

नव्या माणसाला मध्येच आणू नका. 'डेकालॉग'ला तीन जणांनी आपापले पाहुणे आणले होते आणि चर्च दिसल्यावर त्यातल्या एकाने विचारलं, हा धर्मप्रचाराचा कार्यक्रम आहे का? त्यांनी 'संत तुकाराम' आणि 'देवी' पाहिले असते तर हा प्रश्नच आला नसता. क्रम म्हणूनच तसा आहे.

आणि हॉल घेऊन, पोस्टर लावून दाखवायच्या मोहात परवानगीशिवाय पडू नका. घरच्या चार माणसांत पाहणं वेगळं, लोकांना बोलावून जाहीर खेळ करणं वेगळं. जाहीर खेळाला हक्कदाराची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. आम्ही एकदा एका संस्थेच्या सभागृहात खेळ ठरवला, पत्रिका वाटल्या, आणि दोन दिवस आधी सभागृहवाल्यांनी परवानगीचं पत्र मागितलं. ते आमच्याकडे नव्हतं. खेळ रद्द, पत्रिका वाया, आणि गावभर खुलासे. मोठ्या प्रमाणावर करायचंच असेल तर रीतसर फिल्म सोसायटी काढा. देशातल्या सोसायट्यांचा महासंघ १९५९पासून आहे, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते, आणि परवानग्यांचा रस्ता त्या लोकांना ठाऊक असतो.

९. पुढे काय लावायचं

तीन झाल्यावर 'डेकालॉग'चाच दुसरा भाग घ्या. एक बाई म्हाताऱ्या डॉक्टरला विचारते, माझा नवरा जगेल की मरेल, नक्की सांगा. तिच्या पोटात दुसऱ्याचं मूल आहे आणि ते ठेवायचं की नाही हे त्या उत्तरावर ठरणार आहे. डॉक्टरला नक्की माहीत नाही. पहिल्या भागातल्या बापाला सगळं माहीत होतं, इथे ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडेच लोक उत्तर मागताहेत.

त्याची मराठी सबटायटल मी लिहायला घेतली आहेत. अर्धी झाली. 'नक्की' या एका शब्दावर अडून आहे, कारण आक्का रोज संध्याकाळी दारात येऊन विचारतात, "तो डाक्टर काय सांगस?" आणि मी नुसती हसून त्यांना शनिवारी या म्हणते.